ग्रंथपालांकडून ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर हमखास कसं मिळवाल?

इतिहासाच्या प्रबंधातलं सगळ्यात सोपं प्रकरण म्हणजे ‘संशोधनाच्या मर्यादा’. त्यात ‘समकालीन वृत्तपत्रे प्रयत्न करूनही उपलब्ध झाली नाहीत’ असं एक वाक्य टाकलं की महिनोन्‌महिने धूळ खाण्याची दगदग वाचते. मात्र या वाक्याला पुरावा लागतो. ग्रंथपालांचं ‘उपलब्ध नाही’ असं ईमेलवरचं उत्तर हाताशी असेल, तर ते परिशिष्टात जोडता येतं आणि तोंडी परीक्षेत कुणी भुवया उंचावल्या तर पुढे करता येतं.

हे उत्तर मिळवायला कौशल्य लागतं. ग्रंथपालांना शोधून देण्याची खोड असते. तुमच्या पत्रात एखादा नेमका तपशील चुकून राहिला, तर ते खरंच अंक काढून ठेवतील आणि तुम्हाला ते वाचावे लागतील. म्हणून पुढच्या सूचना नीट पाळा.

समजा, तुम्ही मंडीदीपला राहता. वडील औद्योगिक वसाहतीत नोकरीला, घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. प्रबंधाचा विषय आहे भोपाळ संस्थानाचं विलीनीकरण. देश १९४७ला स्वतंत्र झाला, पण नवाब हमीदुल्ला खान यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली ३० एप्रिल १९४९ला, आणि संस्थान केंद्राच्या ताब्यात गेलं १ जूनला. त्याआधी १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, नर्मदेच्या काठी बोरास इथे तिरंगा फडकवताना गोळीबार झाला आणि तरुणांचे बळी गेले. बोरास आज तुमच्याच रायसेन जिल्ह्यात आहे. या गोळीबाराच्या बातम्या तुम्हाला हव्या आहेत, म्हणजे मार्गदर्शकांना हव्या आहेत.

१. विषयाच्या ओळीत ‘अर्जंट’ लिहा आणि थांबा. ईमेल रविवारी रात्री पाठवा. सोमवारी सकाळी दुसरा पाठवून ‘उत्तर आले नाही’ असं कळवा.

२. सगळं मागा. ‘भोपाळविषयीची १९४९ची सर्व वर्तमानपत्रे हवी आहेत’ हे वाक्य पाठ करून ठेवा, याला तोड नाही. जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली कपाटात विषयानुसार लावलेल्या नसतात. पत्राचं नाव, गाव, वर्ष आणि महिना एवढाच त्यांचा पत्ता. भोपाळविषयीच्या बातम्या कोणत्या फाइलीत आहेत हे सांगायला कुणीतरी त्या सगळ्या फाइली वाचलेल्या असायला हव्यात, आणि ते काम तर तुमचं आहे. ग्रंथपाल दाखल नोंदवही उघडतील, ‘भोपाळविषयी’ नावाचं पत्र शोधतील आणि तसं काही नाही असं प्रामाणिकपणे कळवतील. घ्या, पहिला पुरावा मिळाला.

चुकूनही पत्रांची नावं लिहू नका. विलीनीकरणाच्या बाजूचं भाई रतनकुमारांचं भोपाळचं साप्ताहिक ‘नई राह’, ५ जून १९४७ला इंदूरहून सुरू झालेलं ‘नई दुनिया’, नागपूरचं इंग्रजी ‘हितवाद’ अशी तीन नावं लिहिलीत, तर तीन वेगवेगळ्या नोंदी तपासल्या जातील. त्यातली एक तरी निघाली की तुमचं प्रकरण अडचणीत आलं.

३. तारीख एकच द्या, तीही घटनेची: ‘१४ जानेवारी १९४९चा अंक पाहिजे.’ ही क्लृप्ती थोडी समजावून सांगतो, कारण नवशिके इथेच घसरतात. १४ जानेवारी १९४९ला शुक्रवार होता. त्या दिवशी सकाळी निघालेल्या अंकात त्याच दिवशीच्या गोळीबाराची बातमी असणं शक्य नव्हतं. नदीकाठच्या गावातून खबर आधी तार असलेल्या ठिकाणी पोहोचायची, तिथून वार्ताहर ती पाठवायचा, आणि ती दुसऱ्या गावच्या छापखान्यात जागा मिळेल तेव्हा छापली जायची. दैनिकातही दोन-तीन दिवस उशीर व्हायचा. साप्ताहिकात आठवडा जायचा. शिवाय दूरच्या गावी पाठवायची डाक आवृत्ती संध्याकाळीच छापून तिच्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख टाकण्याची वृत्तपत्रांची जुनी चाल. त्यामुळे एकाच तारखेच्या दोन प्रतींत मजकूर वेगळा निघू शकतो.

म्हणजे १४ तारखेचा अंक मिळाला, तर तुम्ही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाल, त्यात बोरासचं नावही नसेल, आणि तुम्ही निर्धास्तपणे लिहाल : ‘वृत्तपत्रांनी या घटनेची दखल घेतली नाही.’ मर्यादेचं वाक्य शोधायला निघालात आणि हाती थेट निष्कर्ष लागला! हा आनंद टिकवायचा असेल, तर ‘१४ जानेवारी ते १५ फेब्रुवारी’ असा काळ मागण्याचा मोह टाळा. त्या महिनाभरात पहिली तुटक तार, मग सरकारी खुलासा, मग त्या खुलाशावरचं उत्तर आणि अग्रलेख असं सगळं येण्याचा धोका असतो. पहिल्या दिवशीचा बळींचा आकडा आणि आठवड्यानंतरचा आकडा जुळला नाही, तर वेगळं टिपण लिहावं लागतं.

४. आजचा नकाशा वापरा. ‘मध्य प्रदेशातील वर्तमानपत्रे’ असं मागा. जानेवारी १९४९मध्ये त्या नावाचा प्रांतच नव्हता. बोरास भोपाळ संस्थानात होतं, तर नदीपलीकडचा दक्षिण काठ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, ज्याची राजधानी होती नागपूर. संस्थानात जे छापणं अवघड होतं, ते नदी ओलांडल्यावर दुसऱ्या सरकारच्या हद्दीत छापता येत होतं. त्यामुळे या बातम्या शोधायला जाणकार माणूस भोपाळइतकाच नागपूरकडे पाहतो, तिथल्या मराठी पत्रांकडेही. तुम्हाला मराठी येतं, ही तुमच्या मार्गातली सगळ्यात मोठी अडचण आहे. मार्गदर्शकांना ती कळू देऊ नका.

गावांची नावंही आजचीच लिहा. होशंगाबादला ‘नर्मदापुरम’ म्हणा. जुन्या नोंदींत हे नाव कुठेच सापडणार नाही, आणि न सापडणं हेच तर आपलं ध्येय.

५. आधी कुठे शोधलंत ते सांगू नका. त्यातून तुम्ही शोधलं असल्याचा संशय येतो. भोपाळमध्ये १९८४पासून माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय आहे, खास जुन्या वृत्तपत्रांसाठीच. नाव सप्रे, म्हणजे आपलेच. १९०७मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढणारे. मंडीदीपहून गाडीत बसलं की रानी कमलापती स्टेशन फार लांब नाही. ही माहिती घरात कुणालाही देऊ नका, नाहीतर आई डबा बांधून पाठवून देईल.

‘सरकारकडे सगळ्या प्रती असतीलच’ असं वाक्य मात्र जरूर घाला. वृत्तपत्रांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना पाठवण्याची कायदेशीर सक्ती १९५६मध्ये आली. १९४९च्या जानेवारीचा अंक ती सक्ती गृहीत धरून मागितलात, की ग्रंथपालांना दुरुस्ती करण्यातच एक परिच्छेद घालवावा लागतो आणि मूळ प्रश्न मागे पडतो.

६. पीडीएफ मागा, शुक्रवारपर्यंत. स्वस्त वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, आणि त्यातल्या आम्लामुळे तो काळाबरोबर पिवळा पडून ठिसूळ होतो. बांधीव फाइल झेरॉक्सच्या काचेवर उलटी दाबली, तर घडीवर पान तुटतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी झेरॉक्सला मनाई असते आणि फार तर परवानगी काढून, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर फोटो घेऊ देतात. ही परवानगी चुकूनही मागू नका. सूक्ष्मपटाची रिळं आहेत का, हेही विचारू नका. असतील तर काय कराल?

आता हे सगळं एकत्र करून नमुना देतो. नागपुरातल्या कुठल्याही जुन्या ग्रंथालयाला चालेल.

‘सर/मॅडम, मी पीएच.डी. करत आहे. मला भोपाळच्या इतिहासावरील सर्व पेपर तातडीने पीडीएफमध्ये पाठवावेत. विशेषतः १४ जानेवारी १९४९चे मध्य प्रदेशातील पेपर. सोबत माझा ६० पानी आराखडा जोडला आहे, त्यावरून काय हवे ते कळेल. कृपया लवकर करावे.’

याला ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर न येणं जवळपास अशक्य.

कसं लिहू नये, याचाही एक नमुना द्यायला हवा. असली पत्रं वर्गातली एखादी अतिउत्साही मुलगी लिहिते आणि सगळ्यांचं वातावरण बिघडवते :

‘मा. ग्रंथपाल यांस, सा. न. भोपाळ संस्थानाच्या विलीनीकरणावर प्रबंध लिहीत आहे. बोरास (तेव्हा भोपाळ संस्थान) येथील १४ जानेवारी १९४९च्या गोळीबाराच्या बातम्या शोधते आहे. आपल्याकडे “हितवाद”च्या आणि नागपूरच्या कोणत्याही मराठी दैनिकाच्या १४ जानेवारी ते १५ फेब्रुवारी १९४९च्या फाइली आहेत का, हे कळवाल का? भोपाळच्या संग्रहालयात काय पाहिलं, त्याची यादी खाली दिली आहे. फाइली असतील तर पुढच्या महिन्यात दोन दिवस येऊन वाचेन. फोटोची परवानगी आणि मार्गदर्शकांचं पत्र यांबाबत आपले नियम काय आहेत? नसतील, तर आणखी कुठे विचारावं, तेवढं सुचवावं.’

पाहिलंत? शेवटची ओळ तर घातकच. ‘नाही’ म्हणणाऱ्या ग्रंथपालालाही तिने दुसऱ्या ग्रंथालयाचं नाव सुचवायला लावलं आहे. तिला कुणी तरी ‘नाही, पण अमुक ठिकाणी विचारा’ असं लिहिणार, आणि ती तिथेही विचारणार.

७. एवढी खबरदारी घेऊनही कधी कधी उत्तर येतं. ‘जानेवारीची फाइल आहे. १७ ते १९ तारखांची पानं गहाळ आहेत, फेब्रुवारी पूर्ण आहे. वाचनकक्षात काढून ठेवली आहे, केव्हा येता?’ घाबरू नका. ‘पानं गहाळ आहेत’ एवढेच शब्द कापून परिशिष्टात लावा. उरलेल्या वाक्यांना उत्तर देऊ नका. आठ दिवसांनी ते पुन्हा विचारतील, कारण टेबलावरची फाइल परत कपाटात ठेवायची असते. तेव्हाही गप्प राहा. तिसऱ्यांदा विचारलं तर ‘पीडीएफ होईल का?’ एवढंच लिहा.