आज आकाश अंशतः ढगाळ, नळ पूर्णतः कोरडा

स्वयंपाकघरातल्या स्मार्ट स्पीकरला सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की तो हवामान, कॅलेंडर आणि राहिलेली कामं सांगून मोकळा होतो. उल्हासनगरच्या माणसाला त्या वेळी हवी असते चौथीच बातमी: नळाला पाणी आहे का? तिच्याबद्दल स्पीकर अवाक्षर काढत नाही. म्हणून यंत्राला मठ्ठ ठरवणं सोपं आहे, पण माझं म्हणणं असं की दोष यंत्राच्या बुद्धीत नाही, त्याच्या 'आज'मध्ये आहे. स्पीकरचा दिवस तारखेबरोबर बदलतो, नळाचा मात्र आदल्या संध्याकाळी पिंप भरताना सुरू होतो. उदाहरणासाठी लांब जायला नको. बारवी धरणातून सोडलेलं पाणी उल्हास नदीतून उचलून एमआयडीसी जांभूळच्या केंद्रात शुद्ध करते आणि तिथून ते उल्हासनगरपासून ठाण्यापर्यंत जातं. दुरुस्ती निघाली की निवेदन येतं, आणि त्यातली वेळ बहुधा ठरलेली असते: गुरुवारी रात्री १२ ते शुक्रवारी रात्री १२. हे वाक्य कोणालाही कळतं, फक्त कॅलेंडरला कळत नाही. गुरुवारची तारीख निवडून 12:00 AM लिहिलं की नोंद पडते बुधवार संपून गुरुवार लागतो त्या क्षणावर, म्हणजे अख्खा एक दिवस आधी. घर गुरुवारी कडकडीत दुष्काळ पाळतं, नळ धो धो वाहत असतो, आणि शुक्रवारी सगळे निर्धास्त आंघोळीला जातात. बरं, शहाण्या माणसाने शुक्रवारची तारीख घालून नोंद बिनचूक केली, तरी सुटका नाही. सकाळच्या वृत्तांतात सहसा त्याच दिवसाच्या नोंदी वाचल्या जातात. त्यामुळे स्पीकर शुक्रवारी सकाळी, अत्यंत मधुर आवाजात, 'आज पाणी बंद' असं सांगतो. तोवर नळ सहा-सात तास बंद असतो आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाला फेस असतो, टूथपेस्टचा.

हवामानाचंही तेच. ॲपमध्ये जो पत्ता भरला असेल तिथला अंदाज तो वाचतो. जुलै महिन्यात 'पावसाची शक्यता नव्वद टक्के' हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. शिवाय ती टक्केवारी पाऊस पडेल का याची असते; किती पडेल हा प्रश्न तिच्या हद्दीबाहेरचा. जांभूळसारख्या नदीकाठच्या गावाला चिंता डोक्यावरच्या ढगाची नसतेच, कर्जतकडे, घाटमाथ्यावर रात्रभर काय कोसळलं याची असते, कारण उल्हास ते पाणी घेऊन खाली येते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तशा सकाळी छत्री घ्या म्हणणारा स्पीकर खोटं बोलत नाही, तो फक्त फार थोडं बोलतो. तेव्हा पावसाळ्यात पत्त्याच्या जोडीला कर्जतचा अंदाजही ऐकावा. बदलापूरला रिमझिम आणि कर्जतला मुसळधार ऐकू आलं, तर नदीकाठच्याने छत्री नव्हे, दुचाकी उचलावी.

यावर कोणी म्हणेल की सगळं हाताने लिहायचं तर स्पीकर हवा कशाला, व्हॉट्सॲपवर निरोप येतोच की. येतो, पण सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो, आणि वाचणारा वाचून घरात सांगायचा विसरतो. लिहिणारा एक आणि ऐकणारं अख्खं स्वयंपाकघर, एवढाच स्पीकरचा फायदा आहे आणि तो लहान नाही. दुसरा आक्षेप असा की दर शुक्रवारची पुनरावृत्ती लावून टाकावी. ते करू नये. बंद दर आठवड्याला नसतो, कधी ऐन वेळी पुढेही ढकलला जातो. चार शुक्रवार खोटा ठरलेला इशारा पाचव्या शुक्रवारी कोणी ऐकत नाही. राहिलेल्या कामांच्या यादीत 'पाणी भरणे' टाकणं तर सर्वांत वाईट. बिनतारखेचं काम कोणी पुसेपर्यंत तिथेच राहतं, आणि 'गॅसचं बुकिंग' व 'विम्याचा हप्ता' यांच्यामध्ये रोज इतक्या समभावाने वाचलं जातं की कान त्याला भजनासारखं सोडून देतात.

म्हणून निवेदन आलं की नोंद बंदची करू नका, भरण्याची करा: गुरुवार, पूर्ण दिवस, 'आज रात्री बाराच्या आत टाकी भरा'. दुसरी शनिवारची ठेवा, कारण पुरवठा सुरू झाला तरी दाब लगेच येत नाही. नोंद घरच्या सामायिक कॅलेंडरमध्ये असेल, तर ते कॅलेंडर स्पीकरच्या ॲपमध्ये निवडलेलं आहे ना, तेही बघा. नाहीतर तो 'आज काही नाही' म्हणतो, आणि हे 'काही नाही' रिकाम्या दिवसाचं की न जोडलेल्या कॅलेंडरचं, हे आवाजावरून ओळखता येत नाही. खात्री करायची तर आजची एक खोटी नोंद घाला आणि ती वाचली जाते का ते ऐका. मात्र ती नंतर पुसा, नाहीतर सासूबाई पिंप भरायला घेतील.