अकरा दिवसांचा महायोग

पुढील वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची शासकीय अधिसूचना कार्यालयात येऊन दाखल होते त्या दिवशी, एरवी दोन ओळींच्या टिपणीस आठवडा लावणाऱ्या कारकून मंडळींच्या अंगी जी अलौकिक कुशाग्रता संचारते, ती शासनाला जर कायमची कामी लावता आली असती, तर या राज्यात प्रलंबित प्रकरण नावाची चीज शिल्लक राहिली नसती. रामनवमी कोणत्या वारी येते हे ठाऊक नसलेला कर्मचारी मला अद्याप भेटावयाचा आहे. रामनवमीला नेमके काय झाले याविषयी मात्र मतभेद संभवतात.

२०२६ सालच्या यादीने प्रथमदर्शनी सर्वत्र शोक पसरविला. महाशिवरात्र रविवारी, स्वातंत्र्यदिन शनिवारी, लक्ष्मीपूजन पुन्हा रविवारी, आणि महाराष्ट्र दिन व बुद्धपौर्णिमा हे दोन स्वतंत्र प्रसंग दाटीवाटीने एकाच शुक्रवारी! २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यावर शनिवारची सुट्टी ही सुट्टीच राहिली नाही, याची खंत अनुभवी माणसालाच कळेल. परंतु त्याच यादीत मार्चअखेर एक असा महायोग दडलेला आहे की, त्याच्या दर्शनाने अश्रू आपोआप वाळतात. २६ मार्च, गुरुवार, रामनवमी. ३१ मार्च, मंगळवार, महावीर जयंती. ३ एप्रिल, गुड फ्रायडे. आणि त्यांच्या मधे-मागे शनिवार-रविवारच्या दोन जोड्या. शुक्रवार २७, सोमवार ३०, बुधवार १ आणि गुरुवार २ एवढे चार दिवस नैमित्तिक रजेचे टाकले की २६ मार्चपासून ५ एप्रिलपर्यंत अखंड अकरा दिवस इसम मोकळा. वर्षाला मिळणाऱ्या आठ नैमित्तिक रजांपैकी निम्म्या खर्ची पडतात हे खरे. पण तिसऱ्या महिन्यातच निम्मी पुंजी उडविण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याने घरीच बसावे.

या नैमित्तिक रजेचे तत्त्वज्ञान थोडे समजून घेण्याजोगे आहे. नियमांच्या दृष्टीने ती रजाच नव्हे. ती उपभोगणारा कर्मचारी कर्तव्यावर आहे असेच मानले जाते, म्हणजे गुहागरच्या किनाऱ्यावर पाय पसरून बसलेला अव्वल कारकून कागदोपत्री आपल्या मेजाशीच असतो, आणि नेहमीच्या वागणुकीकडे पाहता या दोन अवस्थांत जनतेला फारसा फरक जाणवत नाही. शिवाय मधे येणारी सुट्टी तिच्या खात्यात धरली जात नाही. अर्जित रजेची गोष्ट निराळी. १ जानेवारी आणि १ जुलै रोजी प्रत्येकी पंधरा दिवसांनी जमा होणारी आणि तीनशे दिवसांपर्यंत साठवून निवृत्तीसमयी रोखीत रूपांतरित होणारी ही रजा मधल्या सुट्ट्याही गिळते. याच अकरा दिवसांसाठी २७ मार्च ते २ एप्रिल अशी अर्जित रजा घेतली, तर आधीची रामनवमी आणि नंतरचे तीन दिवस परवानगीने जोडता येतात. पण खात्यातून दिवस वजा होतात चार नव्हे, सात. म्हणजे शनिवार, रविवार आणि महावीर जयंती हे जे तीन दिवस सरकारने फुकट दिले होते, तेच आपण स्वतःच्या भावी रोकडीतून विकत घेतो. असल्या व्यवहाराला हिशेबी गृहस्थ धजत नाही.

तेव्हा सर्वांची दृष्टी नैमित्तिक रजेकडे वळते, आणि इथेच नियमकर्त्यांची दूरदृष्टी आडवी येते. नैमित्तिक रजेची सलग अनुपस्थिती, लागून येणाऱ्या सुट्ट्या धरून, सामान्यतः सात दिवसांच्या पुढे जाऊ नये, आणि अपवादात्मक परिस्थितीतही दहा दिवस ओलांडू नये, असा दंडक आहे. महायोग अकरा दिवसांचा! एका दिवसासाठी सारा डोलारा कोसळावा यासारखे दुर्दैव नाही. अर्धी नैमित्तिक आणि अर्धी अर्जित अशी खिचडीही चालत नाही, कारण या दोन जातींचा रोटीबेटी व्यवहार नियमांना मान्य नाही.

यावर तोडगा आहे, आणि तो सोमवार ३० मार्चला कार्यालयात रुजू होण्याचा आहे. शुक्रवारची एक रजा टाकून गुरुवार ते रविवार चार दिवस, आणि बुधवार-गुरुवारच्या दोन रजा टाकून मंगळवार ते रविवार सहा दिवस, असे दोन तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा सातांच्या आत बसतो, रजा चारऐवजी तीनच लागतात, आणि अकरापैकी दहा दिवस हाती येतात. पहिला तुकडा गावी आईवडिलांकडे आणि दुसरा कोकणात, अशी वाटणी सुज्ञ लोक करतात. अकरा दिवस एकाच ठिकाणी काढण्याची तजवीज करणाऱ्यांना सहाव्या दिवसापासून कार्यालयाची आठवण येऊ लागते, असे जाणत्यांचे मत आहे. शिवाय आर्थिक वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी हजेरीपटावर सही असली की मार्चअखेरीच्या कर्तव्यतत्परतेबद्दल नंतर कोणी ब्र काढू शकत नाही.

मार्चअखेर हीच तर या योगातील खरी मेख आहे. ज्यांचा संबंध कोषागाराशी वा देयकांशी येतो त्यांनी ३१ मार्चच्या सुट्टीवर विसंबू नये हे बरे. २०२४ साली ती तारीख रविवारी आली आणि २०२५ साली ईदच्या दिवशी, तरी सरकारी व्यवहार पाहणाऱ्या बँका दोन्ही वेळा उघड्या ठेवण्याचे फर्मान रिझर्व्ह बँकेने काढलेच होते. अशा शाखेतील माणसाने पहिला तुकडा विसरून १ एप्रिलपासूनच्या पाच दिवसांवर समाधान मानावे.

आता आगगाडी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या केवळ साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडते. ३० मार्चच्या रात्री निघावयाचे तर २९ जानेवारीच्या सकाळी, आणि ५ एप्रिलला परतावयाचे तर ४ फेब्रुवारीच्या सकाळी यंत्रापुढे सिद्ध असावे लागते. जाण्याचे आणि येण्याचे भाग्य एकाच दिवशी उजाडत नाही, हे विसरून कित्येक कुटुंबे कोकणात पोहोचली खरी, पण परत येताना मालवाहू वाहनांच्या चालकांशी स्नेह जोडू लागली. रजेचा अर्ज जानेवारीत देणे हे मात्र औद्धत्य समजले जाते. सबब तिकीट आधी, मंजुरी मागाहून, असा क्रम पडतो, आणि रजा हक्क म्हणून मागता येत नाही हे नियमातील वाक्य साहेबांना नेमके याच सुमारास आठवते.

अर्जात कारण काय द्यावे याविषयी एक परंपरा आहे. तीत आजीचे आजारपण अग्रभागी येते. पण एकाच शाखेतील सात आजी एकाच गुरुवारी अत्यवस्थ झाल्याचे पाहून बड्या साहेबांना साथीच्या रोगाची शंका आल्याचे ऐकिवात आहे. ‘घरगुती कारणास्तव’ एवढेच लिहावे, आणि त्याच अर्जात मुख्यालय सोडण्याची परवानगी मागावयास चुकू नये, कारण सुट्टीच्या दिवशीही ती लागते, आणि चिपळूणला भेटलेल्या वरिष्ठाला ती दाखविता आली पाहिजे. वरिष्ठ चिपळूणला भेटतातच. ३० मार्चला त्यांच्या खोलीबाहेर ‘साहेब शासकीय दौऱ्यावर’ ही पाटी लागलेली असते, आणि दौऱ्यावरील माणसाच्या नैमित्तिक रजा आठच्या आठ शाबूत राहतात.