कृपया नोंद घ्यावी

ऊठसूट ‘कृपया नोंद घ्यावी’ म्हणणाऱ्या माणसाला लग्नाच्या याद्या करायला बसवू नये, रिक्षावाल्याशी बोलू देऊ नये, आणि घरात सुताराचं काम निघालं तर काम संपेपर्यंत तीर्थयात्रेला धाडावं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना कुणी धाडलं नाही.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, म्हणजे खात्यापुरते झाले. त्यांचा पत्रव्यवहार अजून सुरूच आहे. दुधाच्या पिशवीला चिठ्ठी असते : ‘उद्या अर्धा लिटर जास्त. कृपया नोंद घ्यावी.’ जिन्यातला दिवा गेला की फळ्यावर नोंद घ्यावी. मी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर उत्तर आलं, ‘शुभेच्छा प्राप्त. नोंद घेतली आहे.’

तर या काकांकडे किचनच्या ट्रॉल्या करायच्या ठरल्या आणि त्यांनी मिस्त्रीला व्हॉट्सॲपवर मेसेज लिहिला. तपासायला आधी मला पाठवला. ‘विषय : ओट्याखालील ट्रॉल्यांचे सामान. संदर्भ : आपले काल सायंकाळचे तोंडी बोलणे.’ पुढे अंगठा दुखेपर्यंत मजकूर. मिस्त्रीने त्यावर अर्ध्या मिनिटात नुसता अंगठा पाठवला. काका भडकले. ‘‘अंगठा ही पोच होते का? सही येत नाही का त्याला?’’ मग त्यांनी दुसरा मेसेज केला : ‘अंगठा ग्राह्य धरला जाणार नाही. कृपया नोंद घ्यावी.’ त्यावरही अंगठा आला.

हसायला मी तयारच होतो, पण मजकूर वाचत गेलो तसा हसणं कमी झालं. बिजागऱ्यांचंच घ्या. बहुतेक गिऱ्हाइकं ‘सॉफ्ट क्लोज लावा’ म्हणून मोकळी होतात. काकांनी कपाटाचं चित्र काढून प्रत्येक दाराखाली आकडा घातला होता. टोकाच्या फळीवर दार पूर्ण चढतं तिथे झिरो क्रँक. मधल्या एकाच फळीवर डावं-उजवं अशी दोन दारं येतात, तिथे प्रत्येकाला निम्मी फळी मिळते, म्हणून आठ क्रँक. दार चौकटीच्या आत बसणार असेल तर सोळा. दुकानदाराने सरसकट झिरोची पेटी दिली तर मधली दोन दारं एकमेकांवर आपटतात, आणि मग मिस्त्री स्क्रू पिळत ‘ॲडजस्ट होऊन जाईल काका’ म्हणतो. होत नाही. बिजागरीच्या स्क्रूत दोन-तीन मिलिमीटरचा खेळ असतो, अर्ध्या फळीचा नसतो.

चॅनलवरून मात्र दोघांचं भांडण झालं. काका मिलिमीटरात बोलत, मिस्त्री सुतात. ‘‘दोन्ही बाजूंना तेरा-तेरा मिलिमीटर सोडायचे,’’ काका. ‘‘चार सूत लागतं, तेरा कशाला?’’ मिस्त्री. पुष्कळ वेळ आवाज चढले. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे बारा पूर्णांक सात. दोघं एकच माप सांगत होते, हे आतून काकूंनी सांगितलं. काकांनी नोंद घेतली नाही.

मेसेजचा खरा गाभा सातव्या कलमात होता. ते कलम भाच्याच्या घरच्या फजितीतून आलं होतं. भाच्याकडे सहाशे मिलिमीटरचं कपाट. दोन्ही बाजूंच्या अठराच्या फळ्या वजा केल्या की आत पाचशे चौसष्ट उरतात. तिथल्या मिस्त्रीने हिशेब केला : एकवीस इंची बास्केट म्हणजे पाचशे तेहेतीस, दोन चॅनलचे सव्वीस, झाले पाचशे एकोणसाठ. बसली! पाच मिलिमीटरची पॅकिंग पट्टी टाकली की काम फत्ते. बास्केट लोण्यासारखी सरकत होती. भाच्याने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

मग दार लावलं.

दार उघडलं तरी ते वाटेतून पूर्ण हटत नाही. साधी बिजागरी शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत उघडते. त्या अवस्थेत दाराची जाडी आणि बिजागरीचा फुगीर भाग, दोन्ही कपाटाच्या तोंडात थोडे आत येऊन उभे राहतात. बास्केट बाहेर येताना तिथेच अडते. भाच्याची बायको अजून डाव्या गुडघ्याने दार रेटून धरते आणि उजव्या हाताने ताटं ओढते. दाराच्या आतल्या कडेला एक सरळ ओरखडा पडलाय. असा ओरखडा कुठे दिसला की समजावं, माप दार लावायच्या आधी घेतलेलं आहे.

म्हणून काकांचं सातवं कलम : ‘एकवीस नको, एकोणीस इंची घ्यावी. एकोणीस म्हणजे चारशे त्र्याऐंशी, अधिक सव्वीस. उरलेले पंचावन्न मिलिमीटर वाया गेले असे समजू नये. त्यातले निदान तीस बिजागरीच्या बाजूला पट्टी मारून भरावे, मग चॅनल बसवावा. किंवा दार बास्केटलाच जोडून ड्रॉवरसारखे ओढायचे करावे, म्हणजे बिजागरीच नको. चॅनल ठोकण्यापूर्वी दार तात्पुरते लावून, उघडून, बास्केट हातात धरून आत-बाहेर नेऊन पाहावी. कृपया नोंद घ्यावी. कृपया खरोखर नोंद घ्यावी.’

काका सगळीकडेच बरोबर होते असं मात्र नाही. तीनशे चारचं स्टील ओळखायला ते खिशात लोहचुंबक घेऊन दुकानात गेले. दोनशे दोनची हलकी बास्केट चुंबकाला चिकटली नाही, तेव्हा काका खूष. नंतर अस्सल तीनशे चारच्या तारेला चुंबक हलकेच ओढला गेला, तेव्हा त्यांनी ‘फसवणूक!’ म्हणून आवाज चढवला. दुकानदार भला माणूस. त्याने समजावलं, की दोनशे दोनलाही चुंबक लागत नाही, आणि तीनशे चारचीही तार ओढताना, वाकवताना थोडी चुंबकाला लागायला लागते. मग त्याने एक बाटली काढून दोन्हींवर थेंब टाकला. हलक्या स्टीलवर थेंब लाल झाला. काकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि येताना ती बाटलीही विकत मागितली.

ट्रॉल्या उत्तम झाल्या. मिस्त्री तर जाताना काकांच्या पाया पडला, अर्थात पैसे मिळाल्यावर.

यंदा आमच्याकडे काम काढलं. तोच मिस्त्री. त्याला विचारलं, सामान काय आणायचं? त्याने तिथल्या तिथे मेसेज फॉरवर्ड केला. ‘विषय : ओट्याखालील ट्रॉल्यांचे सामान.’ जसाच्या तसा, आणि सगळ्या गिऱ्हाइकांना हाच पाठवतो म्हणाला. ‘‘यात सगळं आहे साहेब, भांडण होत नाही.’’

मी शांतपणे शेवटपर्यंत वाचला. पहिल्या वेळी हसण्याच्या नादात एक कलम सुटलं होतं. ‘तेलाच्या बाटल्यांची पुल-आऊट शेगडीच्या डावीकडे घ्यावी, उजवीकडे नको. हिचा उजवा खांदा धरतो. जड पातेली सगळ्यांत खाली ठेवू नयेत, वाकता येत नाही. हिने हे सांगितलेले नाही, सांगणारही नाही. कृपया नोंद घ्यावी.’

मिस्त्रीने नोंद घेतलेली दिसते. आमच्या बाजूच्या इमारतीत त्याने केलेली किचन्स पाहिली, समोरच्या सोसायटीतली पाहिली. सगळीकडे तेलाची ट्रॉली डावीकडेच आहे. त्या बायका विचारतात, डावीकडे का? मिस्त्री सांगतो, ‘‘तसंच असतं ताई, स्टँडर्ड आहे.’’