मेहताजींचं बीपी मशीन

टेमघरच्या आमच्या इमारतीत कोणाकडे नवी वस्तू आली की मेहताजी बघायला येतात, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे का तेवढं बघून जातात. उभा जन्म त्यांनी भिवंडीच्या लूम कारखान्यात मेहतागिरी केली. तागा टेबलावर उलगडायचा, डागाला खूण करायची, वहीत लिहायचं आणि मगच पैसे कापायचे. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, डाग हेरणारी नजर तेवढी राहिली.

अशा माणसाला कुणीतरी ऑनलाइन खराब बीपी मशीन विकलं. त्या विक्रेत्याचे ग्रह बघायला हवे होते.

पहिल्या सकाळी आकडा आला १७२/१०४. पुन्हा घेतला, १२८/७८. वहिनी घाबरून म्हणाल्या, "अहो, डॉक्टरकडे चला." मेहताजी म्हणाले, "चलतो. पण बिघाड माझ्यात आहे की मशीनमध्ये, तेही ठरवून येतो."

डॉक्टरांनी आपल्या उपकरणावर १३६/८४ मोजलं. नाडीही धरून पाहिली. ही घरगुती मशीनं पट्ट्यातल्या हवेला नाडीचे जे हलके धक्के बसतात त्यांवरून आकडा काढतात. नाडीच अनियमित असली तर मशीन चांगलं असूनही गोंधळतं. मेहताजींची नाडी नियमित निघाली. तसं त्यांनी लेटरहेडवर लिहूनच घेतलं.

मग विक्रेत्याला फोन. पलीकडचा मुलगा म्हणाला, "काका, बीपी वरखाली होतच असतं." आता हे खोटंही नाही. चहा, जिना, तुंबलेली लघवी, दंडाला लहान पडणारा पट्टा, एवढ्यानेही आकडा चढतो. मेहताजींनी ठरवलं, या पोराला बोलायला जागाच ठेवायची नाही. टेपने दंड मोजला: २९ सेंटीमीटर. पट्ट्यावर छापलं होतं २२ ते ३२. सेल नवे घातले. अर्धा तास चहा बंद. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, तोंड मिटून बसायचं. वहिनींच्या मते मशीनचा खरा गुण तोच. मग उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला पट्टा बांधून दोन-दोन मिनिटांनी तीन रीडिंग. तरीही आकड्यांत चाळीसची उडी.

तळमजल्यावरच्या काकूंकडे त्याच मॉडेलचं मशीन होतं. ते वर आलं. त्यावर १३८, १३६, १३४. इथे दुसरा कोणी थांबला असता. मेहताजींनी पट्टे बदलले. त्यांचा पट्टा काकूंच्या मशीनला लावला, आकडे स्थिर. काकूंचा पट्टा त्यांच्या मशीनला, पुन्हा उड्या. म्हणजे पट्टा गळत नव्हता, दोष डब्याच्या पोटात होता. मधेच विक्रेत्याचा फोन आला, आणि त्यानंतर काकूंच्या चांगल्या मशीननेही १६४ दाखवले. ते रीडिंग मेहताजींनी वहीतून खोडलं. म्हणाले, "हा पुरावा धरायचा नाही. यात समोरच्याचा हात आहे."

तक्रारीचा पहिला खर्डा चार पानी झाला आणि त्याची सुरुवात १९८२च्या गिरणी संपापासून होती. सूनबाईंनी कात्री लावली. अर्धं पान उरलं: ऑर्डर क्रमांक, खरेदीची तारीख, मॉडेल, मशीनच्या पाठीवरचा अनुक्रमांक, दोन्ही मशीनच्या रीडिंगचा तक्ता, डॉक्टरांचा कागद, स्क्रीनचे फोटो. शेवटी मागणी एकाच वाक्यात: 'सात दिवसांत मशीन बदलून द्या, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा.' संप गेल्याचं मेहताजींना अजून वाईट वाटतं.

उत्तर आलं, परत घेण्याची मुदत संपली. मेहताजींनी लिहिलं, मुदत मन बदललेल्या गिऱ्हाइकासाठी असेल. माझं मन जागेवर आहे, मशीन नाही, आणि वॉरंटी चालू आहे. सोबत २०२०च्या ई-कॉमर्स नियमांची आठवण दिली: सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. 'अन्यथा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग.' धमकी कुठे नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. पावतीसारखं कोरडं पत्र. मला वाटतं, समोरचा घाबरला तो त्या कोरडेपणाला.

मशीन परत पाठवा, असा निरोप आला. पार्सलवर गोदामाचा पत्ता भिवंडीचाच. मेहताजी म्हणाले, "रिक्षाने नेऊन देतो." तसं चालत नाही म्हणे, कुरिअरच हवं. गेलं कुरिअरने. पैसे पूर्ण परत आले.

नवं मशीन त्यांनी औषधाच्या दुकानातून घेतलं, तेही स्टुलावर पाच मिनिटं मौन धरून, तीन रीडिंग घेऊन, बिलावर अनुक्रमांक लिहवून. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. आकडा आला १३६/८४.

कुरिअरचे साठ रुपये मात्र अजून आलेले नाहीत. दुसरं पत्र कालच रवाना झालंय.