तळमळकर मुलाखतीला येतात

तळमळकर हे कुणाचं आडनाव नाही, ती एक प्रजात आहे. समाजसेवी संस्थेत खेड्यात राहून करायच्या कामाची जागा निघाली की अर्जांच्या गठ्ठ्यात एक तरी तळमळकर सापडतोच. झाशीत तो जरा जास्त सापडतो. झाशी म्हटलं की राणी आणि राणी म्हटलं की त्याग, हे गणित त्याच्या डोक्यात शाळेतल्या इतिहासापासून पक्कं बसलेलं असतं. पुण्याहून झेलम पकडून तो दुसऱ्या दिवशी झाशीत उतरतो, संध्याकाळी किल्ला चढतो, बुरुजावर उभं राहून फोटो काढतो आणि सकाळी डोळे किंचित ओलसर ठेवून मुलाखतीला हजर होतो.

मी रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त होऊन झाशीतच राहिलो. त्यामुळे इथली एक संस्था मला निवड समितीत ‘बाहेरचा माणूस’ म्हणून बसवते. समितीत तिघं असतात: संस्था चालवणाऱ्या दीदी, प्रकल्प बघणारे भाईसाहब आणि मी. जागा असते क्षेत्र समन्वयकाची. बबिना विकासखंडातली आठ-दहा गावं, पाणी आणि शेतीचं काम, मुक्काम तिथेच. नाव भारदस्त असलं तरी काम मुख्यतः मोटारसायकलवर बसून सरपंच घरी आहेत का ते बघण्याचं.

तळमळकर ओळखायला अर्ज उघडावा लागत नाही. खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी आणि पायात कोल्हापुरी चप्पल. इथल्या रानात गोखरूचे काटे असे पसरलेले असतात की गुराखीसुद्धा बूट घालतो, पण तळमळकरांच्या मते बूट हे शहरी मनोवृत्तीचं लक्षण आहे. खुर्चीवर ते टेकल्यासारखे बसतात. चहा नको म्हणतात. दुसऱ्यांदा विचारलं की बिनसाखरेचा चालेल म्हणतात.

दीदींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे का यावंसं वाटलं? इथे तळमळकरांची म्हातारी येते. लहानपणी आजोळच्या वाटेवर त्यांना भर उन्हात डोक्यावर हंडा घेऊन चाललेली एक म्हातारी दिसलेली असते आणि त्या क्षणी त्यांच्या आयुष्याची दिशा बदललेली असते. ही म्हातारी मी विदर्भातल्या उमेदवाराकडून ऐकली, भोपाळच्याकडून ऐकली, लखनौच्याकडूनही ऐकली. इतका प्रवास करणाऱ्या बाईला आजवर कुणी हंडा खाली उतरवायला मदत केलेली नाही, ही गोष्ट मात्र एकाही उत्तरात आलेली नाही. भाईसाहब एकदा न राहवून म्हणाले, ‘‘मग तिला पाणी कुठून आणावं लागत होतं?’’ तळमळकर गप्प. आणि भाईसाहबांना नेमकं त्याचंच उत्तर हवं होतं. विहीर आटली होती, का ती दुसऱ्या जातीच्या आळीत होती, का हातपंपाचा वॉशर गेला होता? म्हातारीला हंडा का वाहावा लागला, यावर पुढचं सगळं काम ठरतं. तिचा कळवळा सगळ्यांनाच येतो.

मग पगाराचा विषय निघतो. तो मीच काढतो, कारण दीदींना संकोच वाटतो आणि भाईसाहबांचा स्वतःचा पगार आठवून आवाज बसतो. ‘‘अपेक्षा काय?’’ तळमळकर हसतात. हे हसू त्यांनी आरशासमोर बसवलेलं असतं. ‘‘पैसा माझ्यासाठी महत्त्वाचा नाही, काका. संस्थेला जे योग्य वाटेल ते.’’

हे वाक्य ऐकलं की मी पेन्सिल उचलतो. चाळीस वर्षं हिशेब तपासल्यामुळे मला एवढं कळतं, की पैसा महत्त्वाचा नाही म्हणणाऱ्याचा पैसा कुणीतरी दुसरं माणूस पुरवत असतं. मी त्यांच्यासमोरच कागदावर मांडतो. हातात पडणार साडेएकोणीस हजार. बबिन्यात खोली अडीच हजार, जेवण साडेपाच, फोन आणि किरकोळ हजार, मोटारसायकलचा हप्ता बत्तीसशे. घरी आईला पाच हजार पाठवायचे आहेत असं अर्जातच लिहिलेलं. आता पेट्रोल. रोज चाळीस किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर आणि वीस लिटर. झाले दोन हजार.

‘‘पण पेट्रोल संस्था देते ना?’’ तळमळकरांचा आवाज पहिल्यांदाच जमिनीवर येतो.

देते, किलोमीटरमागे चार रुपये. पण आधी स्वतःच्या खिशातून घालायचे, रोजची लॉगबुक लिहायची, महिनाअखेरीला ती झाशीला पाठवायची, आणि गावाचं अंतर लॉगबुकात बावीस आणि नकाशात अठरा निघालं तर खुलासा लिहायचा. पैसे पुढच्या महिन्यात येतात. मधल्या काळात दात्याचा तिमाही हप्ता अडकला, तर पुढच्याच्या पुढच्या. म्हणजे नोकरीच्या पहिल्या महिन्यात दोन हजार तुम्ही संस्थेला उसने देणार. सगळं वजा जाता शिल्लक तीनशे रुपये. त्यात एक पंक्चर निघतं आणि एक नवीन ट्यूब बसते. काविळीला जागा नाही.

पगार एवढा कमी का, हेही तळमळकर कधी विचारत नाहीत, विचारायला हवं. देणगीदाराला तळं आवडतं. तळ्याचा आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मध्ये फीत कापणारे हात. तळ्याचा सांडवा कुणी, कधी उघडायचा यावर सहा बैठका घेणारा माणूस फोटोत येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कात्री त्याच्या ओळीला लागते.

खडतर परिस्थितीचा प्रश्न आला की तळमळकर खुलतात. त्यांना खडतर हवंच असतं. जमिनीवर झोपेन, मीठ-भाकरी खाईन, जूनच्या सत्तेचाळीस अंशांत चालेन. हे सगळं ते खरोखर करतात, पंधरा दिवस. अडचण अशी, की बुंदेलखंड त्यांना मागितलेला त्रास देत नाही, वेगळाच देतो. भाकरीऐवजी लोक आग्रहानं तुपातल्या पुऱ्या खायला घालतात आणि पोट बिघडतं. सकाळी दहाची बैठक लावावी तर माणसं साडेबाराला येतात, कारण रात्रभर शेत राखत जागलेली असतात. रब्बी निघाली की इथे गुरं मोकळी सोडतात, त्याला अन्ना प्रथा म्हणतात. आता तर बरीच गुरं वर्षभर मोकळीच असतात. उपाशी मरायला तळमळकर तयार असतात. सरपंचाच्या ओट्यावर तीन तास रिकामं बसायची मात्र त्यांची तयारी नसते. लोक नोकरी सोडतात ती या कंटाळ्याला, उन्हाला नव्हे.

शेवटचा प्रश्न भाईसाहबांचा. तो सांगण्याआधी हवेली म्हणजे काय ते सांगायला हवं. इथे हवेली म्हणजे वाडा नव्हे. जमिनीखाली ग्रॅनाइटचा कातळ, त्यामुळे विहिरी उथळ आणि पाणी मुरायला जागा थोडी. म्हणून जुन्या लोकांनी उताराच्या शेताला मातीचा बांध घालून पावसाळाभर त्यात पाणी कोंडायची पद्धत काढली. खरिपात त्या शेतात पीक नाही, नुसतं पाणी. ऑक्टोबरमध्ये पाणी सोडायचं आणि ओलीवर गहू किंवा हरभरा पेरायचा. मधल्या महिन्यांत ते मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळतं. पुढे बांध फुटले, कुणी दुरुस्त केले नाहीत. आता संस्था ते पुन्हा बांधतात.

प्रश्न असा: ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे. शेताचा मालक म्हणतो, आजच पाणी सोडा, माझा गहू लांबतोय. खालचे विहिरीवाले म्हणतात, आणखी तीन आठवडे थांबा. दोघंही कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे आहेत. तुम्ही काय कराल?

‘‘मी त्यांच्यात जनजागृती करीन,’’ या खेपेचे तळमळकर म्हणाले.

भाईसाहबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी डोकावून पाहिलं, त्यांनी एक कुऱ्हाड काढली होती.

त्यांच्यानंतर मऊरानीपूरकडची एक मुलगी आली. पायात बूट. चहा मागून घेतला, दोन चमचे साखरेचा. इथे का यायचंय, तर घरापासून जवळ आहे आणि शिवणाच्या कामापेक्षा पगार बरा आहे. दीदींचा चेहरा उतरला. हवेलीच्या प्रश्नावर तिनंच उलट तीन प्रश्न विचारले: शेत किती बिघ्याचं? खाली विहिरी किती आणि कुणाकुणाच्या? खरिपाचं पीक बुडतं त्याचं मालकाला कुणी काही देतं का? नाही म्हटल्यावर म्हणाली, ‘‘मग तो पाणी सोडणारच. विहिरीवाल्यांनी पावसाळ्याआधी त्याला काही धान्य कबूल करायला हवं. ऑक्टोबरमध्ये कुऱ्हाड धरलेल्या माणसाशी काय बोलणार?’’ आणि जाताना तिनं विचारलं, किलोमीटरचा दर मोटारसायकलचा आहे, मी स्कूटी चालवते, ती पेट्रोल जास्त खाते, तर दर बदलेल का?

मला वरसईचे विष्णुभट गोडसे आठवले. 1857 साली हे भटजी कोकणातून उत्तरेकडे निघाले ते घरावर कर्ज होतं म्हणून, चार पैसे मिळवायला. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी ते बिनदिक्कत सांगितलं आहे. झाशीला आले आणि ह्यू रोजच्या वेढ्यात सापडले. तोफा, आग, लूट, मिळवलेलं सगळं गेलं. खडतर परिस्थिती याहून काय असणार? तरी त्यांनी डोळे उघडे ठेवून सगळं पाहिलं आणि नीट लिहून ठेवलं. आमच्या समितीसमोर ते आले असते तर पगाराचा प्रश्न त्यांनीच आधी काढला असता, आणि मी त्यांना पूर्ण गुण दिले असते.

दीदींना तरी तळमळकर सोडवेनात. अशी माणसं चार महिन्यांत जातात हे त्यांनाही माहीत होतं. कुणाच्या बहिणीचं लग्न निघतं, कुणाला स्पर्धा परीक्षा आठवते, आणि दहा गावांना पुन्हा नव्या माणसाची ओळख करून द्यावी लागते. शेवटी तडजोड म्हणून ठरलं, की दोन्ही उमेदवारांनी महिन्याचा घरखर्च स्वतःच्या हातानं लिहून पाठवावा.

मुलीचा कागद दुसऱ्या दिवशी आला. तिची शिल्लक वजा चारशे होती आणि खाली ओळ होती: भाऊ जून महिन्यापर्यंत देईल, पुढे पगार वाढवावा लागेल. तिला आम्ही घेतलं.

तळमळकरांचा कागद आठवड्यानं आला, सुंदर अक्षरात. खोली, जेवण, पेट्रोल या रकान्यांत ‘अत्यल्प’ असं लिहिलं होतं. शेवटी शिल्लक या रकान्यात होतं, ‘आत्मिक समाधान’. दीदींनी तो माझ्याकडे सरकवला. मी सवयीप्रमाणे तांबडी पेन्सिल घेतली आणि समासात शेरा मारला: व्हाउचर जोडावे.