आपली वेतनश्रेणी कशी शोधावी : नवशिक्षकांसाठी सोपा पाठ

साहित्य : नेमणुकीचा आदेश, एका महिन्याची पगारपत्रिका, बँकेचे पासबुक, पेन्सिल. आदेशाची प्रत संस्थेने ‘नंतर देतो’ म्हणून ठेवून घेतली असेल, तर पहिला धडा तिथेच संपतो. आधी ती प्रत मिळवा आणि मग पुढे वाचा.

प्रत मिळाली की ‘वेतन’ शब्द असलेले वाक्य शोधा. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली आहे. त्या नियमावलीला आदेशाचा नमुना जोडलेला आहे. त्यात वेतनश्रेणी लिहायची असते आणि महागाई भत्ता, घरभाडे भत्ता शासनाने वेळोवेळी ठरवलेल्या दराने मिळेल, असेही म्हणायचे असते. संस्था हा नमुना मनोभावे उतरवून काढते, कारण मान्यतेच्या फाइलीत तोच लावायचा असतो. आदेशात ‘शिक्षण सेवक’ असे असेल, तर मात्र थांबा. तिथे तीन वर्षे मानधन असते, माध्यमिकला 18,000 रुपये. श्रेणीचे गणित त्यानंतर सुरू होते.

आता उदाहरण सोडवू. तालुक्याच्या गावी राज्य मंडळाची एक मान्यताप्राप्त विनाअनुदानित माध्यमिक शाळा आहे. तिथे बी.एड. झालेले एक सर आहेत. त्यांच्या आदेशात एस-14 ही श्रेणी आहे, म्हणजे 38,600 ते 1,22,800. सर पहिल्याच पायरीवर आहेत, महिना ऑगस्ट 2024. जुलै 2024 पासूनचा महागाई भत्ता 53 टक्के, म्हणजे 20,458 रुपये. (हा दर जाहीर व्हायला फेब्रुवारी 2025 उजाडला, फरक मागायचा असतो, तो आपोआप येत नाही.) लहान गावाचे घरभाडे 10 टक्के, म्हणजे 3,860. वाहतूक भत्ता तूर्त बाजूला ठेवला, तरी बेरीज 62,918 होते.

सरांच्या पत्रिकेत मात्र मूळ वेतन 15,000, महागाई 3,000, घरभाडे 1,500 आणि ‘विशेष भत्ता’ 12,500, एकूण 32,000. नवशिका इथे फसतो. तो घरभाड्याचा टक्का तपासतो, 10 टक्के बरोबर भरतो आणि समाधानाने पेन्सिल खाली ठेवतो. टक्का बरोबरच आहे हो, पण कशाचा? आदेशातल्या 38,600 चे 15,000 कधी झाले, हे पत्रिका सांगत नाही. ‘विशेष भत्ता’ कोणत्या शासन निर्णयात आहे, हेही विचारू नका. ते पोते आहे, उरलेले सगळे त्यात भरतात. म्हणून नियम एकच : टक्के नंतर पाहा, आधी मूळ वेतनाची ओळ आदेशाशी जुळवा. दुसऱ्या वर्षी ती 39,800 व्हायला हवी. तीन टक्के वेतनवाढ शंभराच्या पटीत पूर्णांकित होते.

कपातींकडे या. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300; हा सरकारचा, याबद्दल संस्थेशी भांडू नका. भविष्य निर्वाह निधी 1,800, म्हणजे 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के. हाही ठीक. पण त्याखाली पुन्हा 1,800, ‘पी.एफ. संस्था हिस्सा’! संस्थेचा वाटा संस्थेनेच भरायचा असतो, तो शिक्षकाच्या पगारातून कापायला कायद्याने बंदी आहे. आणखी एक ओळ ‘विकास निधी’ची, 1,000. शाळेचा विकास होतो आहे, एवढे समाधान माना आणि लेखी संमती कुठे दिली होती ते शोधा. सगळे वजा जाता हातात 27,200. कापलेला निधी खरोखर भरला गेला का, हे यू.ए.एन. टाकून ई-पासबुकात दिसते. तिथे त्या महिन्याची नोंद नसेल, तर पत्रिकेतली कपात म्हणजे केवळ साहित्य.

उलटाही प्रकार असतो. पत्रिका निर्दोष, बँकेत पूर्ण रक्कम जमा, आणि दुसऱ्या दिवशी मोठी रक्कम रोखीने काढून लेखनिकाच्या कपाटात. अशा ठिकाणी कागद तपासून काही सापडत नाही. पासबुकात दर महिन्याला जमेमागोमाग तेवढीच उचल दिसते, तोच पुरावा. परतीची पावती कोणी देत नाही. उलट जास्त पगारावरचा प्राप्तिकर मात्र सरांच्याच नावे लागतो.

तफावत सापडली की नवशिके शाळा न्यायाधिकरणाकडे धावतात. ते मुख्यतः बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती आणि डावललेली पदोन्नती यांची अपिले ऐकते. निव्वळ कमी पगाराचे गाऱ्हाणे तिथे बसत नाही. त्यासाठी आधी संस्थेला अर्ज, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक), आणि तिथेही हालचाल नसेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. अर्जात भावना लिहू नका. आदेशातली ओळ, पत्रिकेतली ओळ आणि दोन्हींतला फरक, महिन्यागणिक. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच खोलीबाहेर पडा. ‘साहेब आल्यावर शिक्का मारतो’ असे सांगितले, तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.