कारवी ओळखीची, उंदीर नाहीत

कारवीशी माझी जुनी ओळख आहे. सह्याद्रीच्या उतारांवर ती सात-आठ वर्षे नुसती वाढत राहते, मग एका पावसाळ्याच्या अखेरीला डोंगरच्या डोंगर जांभळे करते, बी धरते आणि मरून जाते. तिच्या या उशिरा फुलण्यावर मी थोडेफार लिहिले आहे. तेवढ्या भांडवलावर परवा एका शोधनियतकालिकाच्या संपादकांनी मला एका हस्तलिखिताचे समीक्षण करायला बोलावले. सोबतच्या सारांशात पहिल्याच ओळीत कारवी होती. दुसऱ्या ओळीपासून पांढरे उंदीर सुरू झाले.

उंदराच्या पंजात कॅराजीनन टोचले होते. हा तांबड्या समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ. आइस्क्रीममध्ये घातला तर दाटपणा आणतो, पंजात टोचला तर सूज. मग काही उंदरांना कारवीच्या पानांचा अर्क, काहींना डायक्लोफिनॅक, काहींना औषधच नाही, आणि दर तासाला सुजेचे मोजमाप. अर्काने सूज उतरली, असा निष्कर्ष. उतरली असेलही. एका गटात सहा उंदीर पुरतात का, अर्काची मात्रा माणसाच्या वजनाला लावली तर चमचाभर होते की बादलीभर, तिसऱ्या तासाला दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, हे प्रश्न मलाही पडतात. पण लेखकांनी उत्तर दिले तर ते पटण्याजोगे आहे की नुसतीच सारवासारव, हे मला ओळखता येणार नाही. समीक्षकाला नेमके तेच ओळखायचे असते.

म्हणजे नाही म्हणायचे. इथे आपली पंचाईत होते. आपण 'बघतो', 'कळवतो' म्हणतो आणि ते पत्र तसेच पडून राहते. तिकडे संपादक वाट पाहतात आणि त्यांच्यामागे कुणाची तरी पीएच.डी. खोळंबते. प्रकाशनाच्या नीतिनियमांसाठी 'कोप' नावाची आंतरराष्ट्रीय समिती आहे. समीक्षण जमणार नसले तरी वेळेत उत्तर द्या, असे तिचेही सांगणे आहे. म्हणून मी त्याच संध्याकाळी लिहिले. पत्र इंग्रजीत गेले, त्याचा मजकूर असा:

'आमंत्रणाबद्दल आभार. माझे काम कारवीच्या फुलण्यावर आहे. प्राण्यांवरच्या औषधी चाचण्या माझ्या अभ्यासाबाहेरच्या असल्याने हे समीक्षण मी स्वीकारू शकत नाही. वनस्पतीची ओळख बरोबर पटवली आहे का, एवढेच तपासून हवे असल्यास तो भाग आनंदाने पाहीन. उरलेल्या भागासाठी दोन नावे सोबत देत आहे.'

प्रकृती, प्रवास, परीक्षेचे पेपर यांतले एकही कारण मी दिले नाही. ती दिली की संपादक मुदत वाढवून देतात, आणि महिनाभराने उंदीर पुन्हा दारात.

ओळखीचा मुद्दा मात्र मी शिष्टाचार म्हणून घातला नव्हता. कारवीच्या वंशात दिसायला जवळच्या बऱ्याच जाती आहेत आणि फुले नसताना नुसत्या पानांवरून भले भले चकतात. त्यासाठी ज्या झाडांची पाने घेतली त्यांचा वाळवून दाबलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात ठेवतात आणि त्याचा क्रमांक लेखात देतात. तो क्रमांक नसेल, तर उंदरांना काय पाजले हे पुढे कुणालाच तपासता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो त्या दोन नावांत. लग्नाचे स्थळ नाकारताना 'पत्रिका जुळत नाही' म्हणून थांबणारे पुष्कळ. दुसरे चांगले स्थळ सुचवणारे विरळा. आधी डोळ्यांपुढे आला माझा जुना विद्यार्थी. हुशार आहे, पण त्याच्या नावामागे माझी माया होती, म्हणून गाळला. मग लेखकांच्याच संस्थेतले आणि त्यांच्याबरोबर अलीकडे लेख लिहिलेले गेले. नामांकित विभागप्रमुखही गाळले, कारण त्यांच्याकडे अशी आमंत्रणे साचलेली असतात. शेवटी हीच चाचणी अलीकडे स्वतः केलेल्यांच्या लेखांतून दोन नावे निवडली: एक औषधशास्त्रातले, एक वनस्पतिरसायनातले. प्रत्येकापुढे ते का योग्य, हे एका ओळीत लिहिले. नुसत्या नावावरून संपादकांना काही कळत नाही.

त्या दोघांना आधी फोन करून विचारावे, अशी आपली रीत. तो मोह आवरला. हस्तलिखित गोपनीय असते, आणि 'कारवीवर काहीतरी आलंय' एवढे बोललो तरी ते फुटलेच. विचारायचे काम संपादकांचे.

अशी चुकीची आमंत्रणे तुम्हालाही येत असतील, तर पत्र पाठवल्यावर नियतकालिकाच्या समीक्षक-यादीत आपल्या नावापुढे कोणते विषय नोंदले आहेत ते एकदा पाहा. माझ्यापुढे फक्त झाडाचे नाव होते. आता तिथे 'फुलण्याचा काळ, क्षेत्रीय वनस्पतिशास्त्र' असे लिहून आलो आहे.